छत्रीची लिस्टिंग लिहिण्याआधी: टेप, बादली आणि अर्ध्या किलोच्या आठ पुड्या

मे संपत आला की तालुक्याच्या गावातली जनरल स्टोअर्स, बचत गटाच्या ताया आणि मोबाइलवर धंदा सुरू केलेली पोरं छत्र्यांची डझनं आणतात, फोटो काढतात आणि खाली लिहितात, "दमदार छत्री, मोठी साइज, वॉटरप्रूफ, विंडप्रूफ, फक्त अमुक रुपये." या ओळीतून गिऱ्हाइकाला किंमत सोडून काहीच कळत नाही. मग मृगाच्या पहिल्या वावधनात छत्री उलटते आणि माणूस तीच ओळ दाखवत दुकानात उभा राहतो. हा लेख छत्री पहिल्यांदाच विकायला काढणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून एकच छत्री घेतो. सरळ लांब दांड्याची, आठ काड्यांची, काळ्या पॉलिस्टर कापडाची आणि पाकिटावर "25 इंच" छापलेली. आपल्याकडे गुरं चारणाऱ्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांकडे असते तीच. तिची माहिती नेमकी कशी काढायची आणि कशी लिहायची, ते पायरीपायरीने बघू.

आधी टेप घ्या

पाकिटावरचे 25 इंच म्हणजे छत्रीची रुंदी नव्हे. छत्रीच्या व्यापारात आकार सांगतात तो एका काडीच्या लांबीचा, म्हणजे वरच्या टोकापासून काडीच्या शेवटच्या टोपीपर्यंतचा. 25 इंच म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. गिऱ्हाईक हा आकडा वाचून गोंधळतं. एकाला वाटतं छत्रीच 25 इंच रुंद आहे, दुसरा दुप्पट करून 50 इंच धरतो. दोघांचंही चुकतं.

छत्री उघडा आणि टेप दोनदा लावा. पहिल्यांदा कापडाच्या वरून, एका टोपीपासून टोकावरून जाऊन समोरच्या टोपीपर्यंत. आपल्या छत्रीत हे 127 सेंमी भरतं. हे कमानीचं माप झालं. काही विक्रेते हाच आकडा "व्यास" म्हणून देतात, कारण तो मोठा दिसतो. दुसऱ्यांदा छत्रीच्या पोटाखालून टेप सरळ ताणून एका टोपीपासून समोरच्या टोपीपर्यंत मोजा. टेप दांड्याला अडेल, तिथे ती दांड्याच्या अगदी कडेने न्या. इथे साधारण 112 सेंमी येतात. डोक्यावर प्रत्यक्ष छप्पर तेवढंच. दोन मापांत 15 सेंटिमीटरचा फरक निघाला, तो कापडाच्या बाकामुळे. लिस्टिंगमध्ये सरळ माप पहिलं लिहा, काडीची लांबी त्याच्या पाठोपाठ. कमानीचं माप दिलं नाही तरी चालतं. दिलंच तर "वरून" असा शब्द जोडा.

माझ्याकडे नेहमी येणारा प्रश्न वेगळाच असतो. "भाऊ, ह्यात मी अन् पोरगी दोघी मावू का?" पाणी सरळ पडत असेल तर 112 सेंमीत एक मोठं माणूस आणि एक लेकरू बसतं. दोन मोठी माणसं चालली तर बाहेरचे दोन खांदे भिजतात. पण आपल्याकडे पाणी सरळ पडतं किती वेळा? मध्यम थेंब साधारण ताशी 22 ते 25 किलोमीटरच्या वेगाने खाली येतो. वारा ताशी 20 चा असला की थेंब चाळीसेक अंशांनी तिरपा होतो. छत्री उभी धरली तर वाऱ्याच्या बाजूची कड अंगापासून 56 सेंमीवर असते. तिरपा थेंब त्या कडेला चुकवून आत शिरतो आणि कडेच्या पातळीखाली पासष्ट-सत्तर सेंटिमीटर उतरला की अंगावर येतो. कड डोक्याच्या उंचीला असेल तर कंबरेच्या खालचं सगळं भिजणार. म्हणून "एका मोठ्या माणसाला पुरेशी, तिरप्या पावसात कंबरेखाली भिजाल" एवढं खरं लिहा. तीन घडीच्या 21 इंची छत्रीचं सरळ माप 95 सेंमीच्या आसपास असतं, तिच्यात याहून वरपर्यंत पाणी येतं. हे वाक्य वाचून काही गिऱ्हाइकं तीन घडीची छत्री सोडून लांब दांड्याची घेतात, काही रेनकोटाकडे वळतात. दोन्हीत तुमचं काही जात नाही, परत येणारा माल मात्र कमी होतो.

काड्या आणि त्यांचे सांधे

काड्या मोजायला दहा सेकंद लागतात, तरी मोजा. पाकिटावर एक छापलेलं आणि आत दुसरं, असं होतं. "8के" असा खुणेचा छाप असतो, त्यातला आकडा काड्यांचा.

त्यानंतर काडी कशाची आहे ते बघा. लोखंडी काडी बहुतेक वेळा पन्हाळीसारखी दुमडलेल्या पत्र्याची असते. ती जोरात वाकली की वाकलेलीच राहते, आणि एकदा पत्र्याला मोड आला की सरळ करूनही पुढच्या वेळी तिथेच वाकते. फायबरग्लासची काडी गोल, भरीव आणि गुळगुळीत असते. ती वाकून परत सरळ होते, पण मोडते तेव्हा तिच्या बारीक कुसळ्या निघतात आणि हातात रुततात. फायबर नेहमी मजबूत असं गृहीत धरू नका. बऱ्याच छत्र्यांत काडीचं बाहेरचं टोकच फायबरचं असतं आणि आतला भाग लोखंडी. लिस्टिंगमध्ये तेही सांगा, म्हणजे "बाहेरचा अर्धा भाग फायबर, आतला लोखंडी" असं.

छत्री बहुतेक वेळा काडीच्या मधोमध मोडतच नाही. ती जाते सांध्यावर. दांड्यावर वर-खाली सरकणाऱ्या नळीपासून एक आधाराची काडी निघते आणि मुख्य काडीला मध्ये कुठेतरी जोडलेली असते. त्या जोडावर भोक असतं आणि त्यात बारीक रिबीट. भोकापाशी पत्रा पातळ झालेला असतो आणि वाऱ्याचा सगळा भार तिथेच एकवटतो. उघडलेल्या छत्रीची एक काडी टोपीजवळ धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि नजर सांध्यावर ठेवा. रिबीट भोकात खुळखुळत असेल तर तो नग बाजूला काढा. आठही काड्या अशा बघायच्या. सांध्याचा जवळून काढलेला एक फोटो लिस्टिंगला लावा. छत्री जाणणारं गिऱ्हाईक पूर्ण उघड्या छत्रीच्या फोटोपेक्षा तोच मोठा करून बघतं. तीन घडीच्या छत्रीत प्रत्येक काडीला असे सांधे जास्त असतात, म्हणून सारख्याच किमतीत ती सरळ छत्रीपेक्षा लवकर जाते.

दांड्याची जाडीही मोजून लिहा. सुताराकडे किंवा सायकलवाल्याकडे व्हर्नियर मिळतो. आपल्या नमुन्याचा दांडा 10 मिलिमीटरचा आहे. आठ मिलिमीटरचा दांडा मुठीच्या वर वाकण्याची तक्रार जास्त येते.

वजन लटकवून बघा

आता वाऱ्याचं बघू. इथे थोडा हिशोब आहे, पण हाच भाग मुळात कोणी करत नाही. हवेचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की भार चौपट. 112 सेंमी सरळ मापाच्या छत्रीचं पोट पूर्ण वाऱ्याकडे आलं तर ताशी 20 किमी वाऱ्यात तिच्यावर साधारण सव्वादोन किलोचा ओढा येतो, 30 ला पाच किलोच्या थोडा वर आणि 40 ला नऊ किलो. सरळ माप 120 सेंमी असलेली 27 इंची छत्री घेतली तर 40 ला हाच ओढा साडेदहा किलोच्या आसपास जातो. मोठी छत्री जास्त झाकते आणि वाऱ्यात लवकर हारते. या दोन गोष्टी गिऱ्हाइकाला एकाच ठिकाणी वाचायला मिळाल्या पाहिजेत.

हा भार दुकानात असा लावा. छत्री उघडून उलटी करा, म्हणजे मूठ वर आणि टोक खाली. मूठ छताच्या हुकाला किंवा आडव्या बांबूला घट्ट बांधा. आता काड्यांच्या टोप्या वरच्या बाजूला आहेत. प्रत्येक टोपीला सुतळीने एक पुडी बांधून बाहेरच्या बाजूने खाली सोडा. आधी दोनशे ग्रॅमची, मग साडेचारशेची, मग अर्ध्या किलोची. आठही टोप्यांना सारखं वजन हवं, नाहीतर छत्री एका अंगाला कलते. खालून वारा शिरतो तेव्हा काड्या ज्या दिशेला ढकलल्या जातात, त्याच दिशेला ही वजनं त्यांना ओढतात. माझ्या हिशोबाने आपल्या मापाच्या छत्रीला टोपीमागे दोनशे ग्रॅम म्हणजे ताशी 20 चा वारा, साडेचारशे म्हणजे 30 चा, आणि पावणेआठशे म्हणजे 40 चा.

प्रत्येक वजन दोन मिनिटं ठेवा, काढा आणि काड्या बघा. दोनशे ग्रॅमला चांगल्या छत्रीच्या काड्या थोड्या बाकतात आणि वजन काढल्यावर मूळ जागी येतात. साडेचारशेला लोखंडी काडीची आधारापलीकडची बाजू स्पष्ट वाकलेली दिसते. वजन काढल्यावर एखादी काडी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं खाली राहिली, तर त्या छत्रीची मर्यादा तिथेच संपली. आपल्या नमुन्यात साडेचारशेपर्यंत सगळ्या काड्या परत येतात. अर्ध्या किलोला दोन काड्यांत कायमचा बाक राहतो. तिथेच थांबा. पावणेआठशे बांधून तमाशा बघायची गरज नाही, आणि तपासलेला नग विकूही नका. तो दुकानात दाखवायला ठेवा.

म्हणजे ही छत्री 30 ची म्हणून लिहायची का? नाही. आपण वजन संथपणे आणि आठही काड्यांवर सारखं टाकलं. खरा वारा एका बाजूने आणि झटक्याने येतो, दोन-तीन काड्यांवरच त्याचा बहुतेक भार पडतो. म्हणून चाचणीत जो आकडा टिकला त्याच्या दोन तृतीयांश लिहावा असं मी धरतो. इथे तो 20 येतो.

आता ताशी 20 किलोमीटर म्हणजे काय हे वावरात उभ्या माणसाला कसं कळणार? मोबाइलवर दिसणारा वेग मोठ्या भागाचा असतो, तुमच्या धुऱ्यावरच्या झटक्याचा नसतो. त्यासाठी जुनी आणि अजून वापरात असलेली बोफर्ट मापनपट्टी कामाची आहे. तीत वाऱ्याला आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्याला डोळ्यांनी दिसणारी खूण. चौथ्या पायरीला, म्हणजे ताशी 20 ते 28 किमीला, धूळ आणि सुटे कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. पाचवीला, 29 ते 38 ला, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. सहावीला, 39 ते 49 ला, मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात, आणि छत्री सांभाळणं कठीण जातं अशी नोंद त्या पट्टीतच आहे. हवामान खात्याच्या वादळी पावसाच्या इशाऱ्यात "ताशी 30 ते 40" किंवा "40 ते 50 किमी वेगाने वारे" असं येतं, त्या दिवशी ही छत्री कामाची नाही हे गिऱ्हाइकाला यावरून कळतं.

म्हणून लिस्टिंगमध्ये "विंडप्रूफ" हा शब्द वापरू नका. पाकिटावर छापलेला असला तरी तुमच्या ओळीत आणू नका. त्याऐवजी लिहा: "धूळ-कागद उडायला लागतील तिथपर्यंत चालते. लहान झाडं डोलू लागली की छत्री वाऱ्याकडे झुकवून, दांडा दोन्ही हातांनी धरा. मोठ्या फांद्या हलल्या की मिटा." वाऱ्याकडे झुकवायची कारण पोटात वारा शिरला तरच छत्री उलटते, पाठीवर आला तर बहुतेक वेळा कापडावरून निघून जातो.

काही छत्र्यांना वर दोन थरांचं कापड असतं आणि मध्ये हवा जायला फट. ती खरंच उपयोगी पडते, कारण आत शिरलेल्या हवेला वाट मिळते. पण फट फार बारीक शिवलेली असेल तर ती फक्त दिसायला असते. हात घालून बघा, चार बोटं सहज जायला हवीत.

बादली आणि वर्तमानपत्र

कापडाचा प्रश्न दोन भागांचा आहे आणि लोक ते एकत्र करतात. थेंब कापडावरून ओघळून जातो हा एक गुण. पाणी कापडातून आत येत नाही हा दुसरा. नवीन छत्रीत पहिला जवळजवळ नेहमी असतो, त्यामुळे दुकानात दोन थेंब शिंपडून दाखवलं तर गिऱ्हाईक खूश होतं. पण तो लेप घासून आणि उन्हाने जातो. पावसाळाभर टिकणारा गुण म्हणजे दुसरा.

प्रयोगशाळेत तो मिलिमीटरमध्ये मोजतात. किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड झेलतं, तो आकडा. पुरवठादाराने तो कागदावर दिला असेल तर जसाच्या तसा लिहा. दिला नसेल तर अंदाजाने टाकू नका. "190टी" हा आकडा त्यासाठी वापरू नका, तो एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशोब आहे, वॉटरप्रूफपणाचा नाही.

घरी काय करता येतं? छत्री उलटी टांगलेलीच आहे, तिच्यात दोन लिटर पाणी ओता आणि खाली वर्तमानपत्र पसरा. अर्धा तास थांबा. बरोबर मधल्या टोकाखाली ओलं झालं तर तिथली टोपी किंवा शिवण सैल आहे. हा दोष दुरुस्त होतो. कागदावर रेघेत ठिपके पडले तर दोन पट्ट्यांच्या शिवणीतून, सुईच्या भोकांतून पाणी येतंय. आणि कापडाच्या मोकळ्या भागाखाली ओल आली तर कापडच कच्चं, तो लॉट परत करा. ही चाचणी फक्त वाईट माल वेगळा काढते, कारण चार-पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब तो काय! धो-धो पावसाच्या थेंबाचा मार त्याहून कडक. म्हणून दुसरी चाचणी झारीची. छत्री सरळ करून खाली कोरडा कागद ठेवा आणि स्टुलावर उभं राहून झारीने पाच मिनिटं एकाच पट्टीवर पाणी सोडा. कागदावर बारीक तुषार दिसले तर "जोराच्या पावसात आत बारीक तुषार येतात" असं लिहा. स्वस्त छत्रीत हे चालतं, लपवलं तर चालत नाही. झारीऐवजी फवारणीचा पंप वापरायचा मोह होतो, पण त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो आणि ती छत्री कुणाच्यातरी लेकराच्या हातात जाणार असते.

आतून रुपेरी लेप असेल तर एक कोपरा वीस-पंचवीस वेळा चुरगळून बोट फिरवा. बोटाला चंदेरी भुकटी लागली तर लेप दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राहणार नाही.

छत्री कुणी घेऊ नये तेही लिहा

दुचाकीवर मागे बसून छत्री धरलेली बाई आपल्या रस्त्यांवर रोज दिसते. गाडी ताशी 40 ने चालली तर हवा नसतानाही छत्रीवर नऊ किलोचा मागे ओढणारा जोर येतो, आणि छत्री सोडली नाही तर माणूसच मागे ओढलं जातं. "दुचाकीवर वापरू नये" ही ओळ लिस्टिंगमध्ये वेगळी आणि ठळक हवी. अशा गिऱ्हाइकाला रेनकोट द्या. रेनकोटच्या लिस्टिंगमध्ये छातीचं माप सपाट मांडून काखेखाली मोजा, दुप्पट करा आणि अंगाच्या मापापेक्षा किती सैल आहे ते सांगा, कारण तो कपड्यांवरून घालायचा असतो. आतल्या शिवणींवर टेप चिकटवली आहे का, आणि चेनवर झाकण आहे का, हे दोन्ही तपासा. गाडीवर पाणी आधी चेनमधून आणि मग मांडीवरच्या शिवणीतून शिरतं. पीव्हीसीचा जाड रेनकोट पाणी पूर्ण अडवतो, पण रोवणीला किंवा डवरणीला घातला तर घामाने आतूनच भिजवतो. वावरात काम करणाऱ्याला तो विकताना हे सांगायचं.

विजेबद्दल एकच गोष्ट. मोकळ्या वावरात उभा माणूस आसपासच्या पिकापेक्षा उंच असतो, छत्रीने तो आणखी उंच होतो. "गडगडाट ऐकू आला की छत्री मिटून पक्क्या घरात जा, झाडाखाली नको" असं एक वाक्य टाका. 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, तेही सुचवता येईल.

आता लिहा

वरची सगळी मेहनत शेवटी एवढ्यात बसते:

"सरळ लांब छत्री, काळी. उघडल्यावर खालून सरळ रुंदी 112 सेंमी, काडी 25 इंच. एका मोठ्या माणसाला, किंवा मोठं माणूस आणि एक लेकरू. तिरप्या पावसात कंबरेखाली भिजाल. आठ लोखंडी काड्या, दांडा 10 मिमी, सांधे फोटोत बघा. पॉलिस्टर कापड, दोन लिटर पाणी अर्धा तास भरून ठेवलं, गळालं नाही, फार जोराच्या पावसात आत बारीक तुषार येतात. वारा: धूळ-कागद उडेपर्यंत चालते, मोठ्या फांद्या हलल्या की मिटा. दुचाकीवर वापरू नये. विजा चमकत असताना वावरात उघडू नये."

पाकिटबंद मालावर छापलेली कमाल किंमत, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश हेही पाकिटावरून बघून खाली उतरवा.

बदलून देण्याची अटही इथेच लिहावी, आणि ती मोघम नको. आम्ही लिहितो: "सांधा सुटला किंवा कापड शिवणीत उसवलं तर 30 दिवसांत दुरुस्त करून देऊ. वाऱ्याने उलटून काडी वाकली तर काडीचे पैसे लागतील." त्यासाठी त्याच लॉटच्या पंधरा-वीस काड्या आणि रिबीट पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच मागून घ्या. पोळ्यानंतर मागितल्या तर तो लॉट संपलेला असतो, आणि दुसऱ्या लॉटची काडी भोकाला बसत नाही.